भांडून सोडलेली नोकरी आणि जुन्या साहेबांना लिहायचे पत्र

प्रश्न : मी चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात चार वर्षे क्वालिटी इंजिनियर होतो. पगारवाढीवरून माझ्या मॅनेजर साहेबांशी वाजले. ६० दिवसांच्या नोटिशीपैकी १७ दिवस भरून मी जाणे बंद केले आणि जाताना प्लँट हेडना सीसी ठेवून साहेबांवर पक्षपाताचे आरोप करणारी मेल पाठवली. नव्या सुट्या भागाला ग्राहकाची मंजुरी मिळवण्याच्या ज्या पीपॅपवर काम करत होतो, तोही अर्धवट राहिला. त्याला तीन वर्षे झाली. आता एका मोठ्या कंपनीत निवड होत आली आहे आणि ते जुन्या कंपनीकडे चौकशी करणार आहेत. पण केवळ तेवढ्यासाठी नाही, साहेबांशी माझे संबंध मला खरेच नीट करायचे आहेत. फोन करू, भेटायला जाऊ की लिहू? आणि लिहायचे तर काय?

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन वेगळी कामे एकत्र झाली आहेत. एक काम कंपनीच्या दप्तराशी आहे आणि ते एचआरकडे करायचे आहे; दुसरे एका माणसाशी आहे आणि ते फक्त त्या माणसाकडेच करता येते. ही दोन्ही कामे एकाच पत्रात किंवा एकाच आठवड्यात केली, तर माफीचे पत्र हा अर्ज होऊन बसतो. आज आपण साहेबांना मनापासून लिहिले आणि दहा दिवसांनी आपल्या नावाची पडताळणीची मेल त्यांच्या कंपनीत पोहोचली, तर साहेब ती दोन टोके लगेच जुळवतील, आणि आपण खरे लिहिले होते हे पुढे कशानेही त्यांना पटवता येणार नाही. म्हणून आधी दप्तर, मग माणूस, असाच क्रम ठेवावा.

दप्तराचे काम तुलनेने सरळ आहे. पार्श्वभूमी पडताळणी करणाऱ्या संस्था साधारणपणे रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख, पद, सोडण्याचे कारण, देणी-घेणी पूर्ण झाली आहेत का आणि कंपनी या माणसाला पुन्हा घेईल का, एवढे विचारतात. याचे उत्तर एचआर फाइल पाहून देते. आपण स्वतः संदर्भ म्हणून नाव दिले नसेल, तर साहेबांपर्यंत ती विचारणा बहुधा जात नाही. त्या फाइलमध्ये आज आपल्या नावापुढे बहुतेक 'ॲब्स्काँडिंग' असा शेरा, ४३ दिवसांची नोटीस थकीत आणि रिलिव्हिंग लेटर दिलेले नाही, अशी नोंद असेल. म्हणून एचआरला एक कोरडी, नेमकी मेल लिहावी : अमुक तारखेनंतर मी आलो नाही, ४३ दिवसांची नोटीस भरायची राहिली, माझा फुल अँड फायनल हिशेब कळवावा, जी रक्कम निघेल ती मी भरतो आणि त्यानंतर रिलिव्हिंग लेटर किंवा किमान सेवेचा दाखला मिळावा. कारणे लिहू नयेत.

रक्कम किती निघेल हे नेमणूकपत्रातील कलमावर अवलंबून असते, आणि ते कलम मेल करण्यापूर्वी वाचून घ्यावे. समजा, तेव्हा आपला बेसिक पगार २४,००० रुपये होता आणि कलमात बेसिकचा उल्लेख असेल, तर दिवसाला ८०० रुपयांप्रमाणे ४३ दिवसांचे ३४,४०० रुपये होतात. तेच कलम एकूण पगाराचे असेल आणि तो ४५,००० असेल, तर दिवसाला १,५०० धरून ६४,५०० होतात. शेवटच्या १७ दिवसांचा पगार आणि शिल्लक रजांचे पैसे मिळालेले नसतील, तर ते यातून वजा व्हायला हवेत. ते आपणहून विचारण्यात काही गैर नाही, पण त्यावर घासाघीस करू नये. याच वेळी पीएफच्या पोर्टलवर यूएएन उघडून सेवा इतिहासात सोडल्याची तारीख भरलेली आहे का, तेही पाहावे. ती रिकामी असेल, तर शेवटच्या योगदानानंतर दोन महिने उलटल्यावर सदस्याला ती स्वतः भरता येते. मात्र ती कंपनीच्या फाइलशी जुळणारी असावी, कारण तफावत दिसली की पडताळणी तिथेच अडकते.

इथे एक अडचण येते, आणि बहुतेकांना ती आधी सुचत नाही. हिशेब बंद करताना एचआर नो ड्यूजचा फॉर्म विभागप्रमुखाकडे पाठवते : लॅपटॉप परत आला का, गेज जमा झाले का, कागदपत्रे मिळाली का, खाली सही. म्हणजे तीन वर्षांनी आपले नाव साहेबांच्या टेबलावर एका फॉर्मवर उगवणार. तेव्हा एचआरलाच विचारून घ्यावे की विभागाची सही लागणार आहे का. लागणार असेल, तर साहेबांना दोन ओळींची सूचना द्यावी : 'सर, माझा थकलेला नोटिशीचा हिशेब पूर्ण करण्यासाठी मी एचआरला लिहिले आहे. त्यासंबंधीचा फॉर्म आपल्याकडे येईल, म्हणून आधी कळवले.' एवढेच. या सूचनेत माफी मागू नये. जोवर त्यांच्या सहीवाचून आपले काम अडलेले आहे, तोवर आपल्या माफीवर त्यांनी विश्वास ठेवावा असे काहीच त्यांच्यासमोर नसते. सही झाली, पैसे भरले, पत्र हातात आले, नव्या कंपनीची पडताळणी एकदाची मिटली, की मग खरे पत्र लिहायचे. त्यात दोन-तीन महिने गेले तरी बिघडत नाही. तीन वर्षे आधीच गेली आहेत.

नव्या कंपनीला मात्र आजच सांगून टाकावे. चाकण, भोसरी, रांजणगाव हा सगळा पट्टा एकमेकांना ओळखतो आणि पडताळणीच्या मेलशिवायही एखादा फोन जाऊ शकतो. भरती करणाऱ्या अधिकाऱ्याला 'मी त्या कंपनीतून नोटीस पूर्ण न करता निघालो, ती माझी चूक होती आणि थकीत रक्कम भरण्याची प्रक्रिया सुरू केली आहे' असे आपल्या तोंडून कळले, तर बहुतेक वेळा प्रकरण पुढे सरकते. तेच त्याला दुसरीकडून कळले, तर आपण लपवले असा अर्थ निघतो, आणि लपवणे ही नोटीस न भरण्यापेक्षा मोठी गोष्ट ठरते.

आता साहेबांविषयी. पत्र लिहायला बसण्यापूर्वी एक काम कागदावर करावे : आपण गेल्यानंतरचा महिना साहेबांच्या खुर्चीत बसून दिवसागणिक आठवून पाहावा. पीपॅप अर्धवट होता, म्हणजे ग्राहकाला द्यायची तारीख ठरलेली होती. कंट्रोल प्लॅन कुठवर आला होता, मापांचे अहवाल कोणत्या फोल्डरमध्ये होते, कपॅबिलिटी स्टडीचे कोणते वाचन बाकी होते, हे आपल्याशिवाय कोणाला माहीत नव्हते. साहेबांनी दुसऱ्या कुणाला तरी त्याच्या कामावरून उचलून तिथे बसवले असेल, ग्राहकाकडे मुदत वाढवून मागितली असेल आणि ती मागताना खाली मान घातली असेल. हा झाला कामाचा त्रास.

दुसरा घाव मेलचा आहे, आणि माझ्या मते तो अधिक खोल आहे. माणसे अचानक जाण्याची या पट्ट्यातल्या मॅनेजरला सवय असते; वर्षभरात त्याचा राग उतरतो. पण आपल्या वरिष्ठासमोर आपल्या प्रामाणिकपणावर लेखी शंका घेतली गेली, हे कोणी विसरत नाही. त्या मेलनंतर प्लँट हेडने त्यांना केबिनमध्ये बोलावून 'हे काय आहे?' असे विचारले असेल, आणि त्यांना आपल्याच हाताखालच्या मुलाच्या आरोपांवर खुलासा द्यावा लागला असेल. असे असूनही माफीची बहुतेक पत्रे नोटिशीबद्दल लिहिली जातात आणि मेलबद्दल गप्प राहतात, कारण मेलबद्दल लिहिताना आपल्यालाच लाज वाटते. ज्या गोष्टीने समोरचा दुखावला, तिचे नाव पत्रात आले नाही, तर ते पत्र वाचून त्यांना पुन्हा तीच मेल आठवते आणि याला अजूनही कळलेले नाही, असे वाटते.

पगारवाढीचे आपले म्हणणे कदाचित बरोबरही असेल. माफी मागण्यासाठी ते सोडून द्यावे लागत नाही. आपण माफी मागत आहात ती म्हणणे मांडण्याच्या पद्धतीबद्दल आणि अर्धवट टाकलेल्या कामाबद्दल. परंतु पगारवाढीची बाजू या पत्रात मांडू नये, अर्ध्या वाक्यातही नाही. लिहून झाल्यावर पत्रात 'पण' किंवा 'मात्र' शोधावे. तो सापडला की त्याच्यापुढचा मजकूर काढून टाकावा. याला एक अपवाद सांगणे आवश्यक आहे. त्या मेलमध्ये आपण एखादी खरोखरची गंभीर गोष्ट लिहिली असेल, म्हणजे खोटे तपासणी अहवाल किंवा कोणाचा छळ, आणि ती खरी असेल, तर तिच्याबद्दल माफी मागू नये. फक्त जे खोटे किंवा अतिरंजित होते, तेवढेच मागे घ्यावे.

लोक सहसा जे पत्र लिहितात, ते असे असते : 'सर, कसे आहात? बरेच दिवस बोलणे नाही. त्या वेळी घरच्या अडचणींमुळे माझी मनःस्थिती ठीक नव्हती. माझ्याकडून काही चुकले असल्यास मोठ्या मनाने क्षमा करावी. आपला आशीर्वाद असू द्या. वेळ मिळाल्यास भेटायला येईन.' वाचायला ते नम्र वाटते, पण साहेबांच्या बाजूने पाहिले तर प्रत्येक वाक्य त्यांच्याकडून काहीतरी मागते आहे. मनःस्थितीचा उल्लेख समजूतदारपणा मागतो. 'काही चुकले असल्यास' म्हणजे चुकले की नाही, ते त्यांनीच ठरवायचे. मोठे मन त्यांनी करायचे, आशीर्वाद त्यांनी द्यायचा, वेळ त्यांनी काढायचा. देण्यासारखे या पत्रात काहीच नाही.

आपल्या प्रकरणात मी असे लिहिले असते :

'सर, नमस्कार. मी तीन वर्षांपूर्वीपर्यंत आपल्या क्वालिटी विभागात होतो. नोकरी सोडताना मी प्लँट हेडना सीसी ठेवून आपल्याविषयी जी मेल लिहिली, ती लिहायला नको होती. माझे म्हणणे मी आपल्यासमोर बसून मांडायला हवे होते. त्याऐवजी मी आपल्या वरिष्ठांसमोर आपल्या हेतूंवर शंका घेतली आणि त्याला माझ्याकडे आधार नव्हता. पीपॅपचे कामही मी कोणाकडे न सोपवता अर्धवट टाकले. ग्राहकाची तारीख जवळ आली होती आणि सगळा भार आपल्यावर व सहकाऱ्यांवर पडेल, हे मला तेव्हाही कळत होते. या दोन्हींबद्दल मी आपली माफी मागतो. आपली इच्छा असल्यास मेलबद्दल हेच प्लँट हेडनाही लिहून कळवण्यास मी तयार आहे. नोटिशीचा हिशेब मी एचआरकडे पूर्ण केला आहे. आपल्याकडे माझे कोणतेही काम नाही, आणि या पत्राला उत्तर द्यावेच असे नाही.'

यातील 'हे मला तेव्हाही कळत होते' हे वाक्य लिहायला सर्वांत जड जाते, आणि तेच वाचणाऱ्याला खरे वाटते. ते आपल्या बाबतीत खरे नसेल तर अर्थातच काढावे. 'त्याला माझ्याकडे आधार नव्हता' हेही तसेच. आधार होता असे आपल्याला आजही वाटत असेल, तर तेवढा भाग गाळावा, खोटे लिहू नये. प्लँट हेडसंबंधीचे वाक्य मी मुद्दाम घातले आहे. अपमान जिथवर गेला, तिथवर माफीही जायला हवी, हे खरे; परंतु साहेबांना न विचारता प्लँट हेडना परत मेल टाकणे म्हणजे मिटलेले प्रकरण त्यांच्या इच्छेविरुद्ध पुन्हा उघडणे. कदाचित तो अधिकारी बदललाही असेल. म्हणून तयारी दाखवावी आणि निर्णय त्यांच्याकडे ठेवावा. त्यांनी आपल्याला काय शिकवले, त्यांचे किती उपकार आहेत, हे या पत्रात नको. खरे असले तरी माफीच्या शेजारी ठेवलेली स्तुती खुशामत वाटते. पुढे कधी बोलणे सुरू झाले, तर ते सांगण्याची वेळ येईल.

भाषेबद्दल एक सूचना. साहेबांशी आपण मराठीत बोलत असाल, तर पत्र मराठीतच लिहावे. आरोपांची मेल बहुधा इंग्रजीत, ऑफिसच्या थाटात लिहिली गेली असेल. माफी त्याच थाटात आली, की तीही एक औपचारिकता वाटते. साहेब मराठी नसतील, तर ज्या भाषेत त्यांच्याशी शॉप फ्लोअरवर बोलणे होत असे, त्या भाषेत लिहावे.

पाठवायचे कसे, तर त्यांच्या वैयक्तिक मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर, एकाच संदेशात. कंपनीच्या मेलवर नको. तिथे पाठवलेले पत्र कंपनीच्या नोंदीत राहते, आणि ते एचआरला पाठवावे की नाही, हा नवा प्रश्न साहेबांपुढे उभा राहतो. फोन नको, कारण फोनवर माणसाला तयारीविना उत्तर द्यावे लागते, आणि राग असेल तर तो तिथेच बाहेर पडून मग दोघांनाही अवघड होते. कारखान्यावर जाणे तर नकोच. गेटवर सुरक्षारक्षक नाव विचारणार, वहीत नोंद करणार, साहेबांच्या एक्स्टेन्शनवर फोन लावून 'अमुक आले आहेत, सोडू का?' असे विचारणार; मीटिंगमध्ये चार माणसांसमोर बसलेल्या साहेबांनी तेव्हा काय म्हणावे? घरी पेढ्यांचा पुडा घेऊन जाणे हा त्याहून मोठा संकोच आहे, कारण दारात आलेल्याला आपल्याकडे कोणी परत पाठवत नाही. जुन्या सहकाऱ्याला मध्ये घालून 'साहेबांच्या मनात काय आहे, बघ ना' असेही करू नये. त्यांचा सध्याचा नंबर विचारण्यापलीकडे त्याला यात ओढू नये.

सणाचा मुहूर्त साधून लिहिण्याची आपल्याकडे फार सवय आहे, आणि संक्रांतीला तिळगुळाच्या चित्राखाली माफी मागणारे पुष्कळ आहेत. ज्याने कडू बोलून घेतले, त्यानेच 'गोड बोला' म्हणावे, हे दुखावलेल्या माणसाला रुचत नाही. शिवाय त्या दिवशी आलेल्या शेकडो संदेशांत आपलाही एक होऊन जातो. शनिवारची संध्याकाळ किंवा रविवारची सकाळ पुरे. महिनाअखेर आणि ऑडिटचे दिवस टाळावेत, हे आपल्याला मी सांगायला नको.

पाठवल्यानंतर पाच गोष्टींपैकी एक घडते. निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काहीच होत नाही. हे सर्वांत अधिक घडते. अशा वेळी 'सर, संदेश पाहिलात का?' हा दुसरा संदेश सगळे केलेले पुसून टाकतो, म्हणून तो कधीही पाठवू नये. किंवा 'ठीक आहे, शुभेच्छा' असे तीन शब्द येतात. अनेकांना ते तुटक वाटतात, पण त्या पिढीच्या साहेबांकडून लेखी आलेले तेवढे शब्द पुष्कळ असतात. त्यावर 'आभारी आहे, सर' एवढेच लिहून थांबावे. किंवा राग येतो, आणि त्यात आपल्याला ठाऊक नसलेल्या गोष्टी असतात : त्या मेलमुळे त्यांची वर्षाची रेटिंग गेली, ग्राहकाने दंड लावला. तेव्हा खुलासा न करता 'हे मला माहीत नव्हते. त्यालाही मीच कारण आहे, सर' असे लिहावे आणि त्यांना बोलू द्यावे. किंवा ते प्लँट हेडना लिहायला सांगतात. मग त्याच दिवशी, पत्रातलेच शब्द वापरून, साहेबांना सीसी ठेवून ती मेल करावी.

पाचवी शक्यता अशी, की ते स्वतः फोन करतात आणि दोन मिनिटे इकडचे तिकडचे बोलून विचारतात, 'बोल, काय काम होतं?' हा प्रश्न टोमणा नसतो. मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाला जुन्या माणसांचे फोन कामासाठीच येतात आणि आपुलकीनेही ते तसे विचारतात. एका प्रकरणात मी पाहिले आहे की पत्र उत्तम लिहिले गेले, साहेबांनी फोन केला, हा प्रश्न विचारला, आणि त्या तरुणाने मोहात पडून आपला सीव्ही पाठवू का असे विचारले. साहेबांनी 'पाठव' म्हटले आणि त्यानंतर त्यांनी त्याचा एकही फोन उचलला नाही. म्हणून त्या क्षणी आपल्या मनात काही काम असले तरी उत्तर 'काही नाही, सर' हेच असायला हवे. संदर्भासाठी त्या कंपनीतील दुसऱ्या विभागाचे वरिष्ठ किंवा त्यानंतरच्या नोकरीतील मॅनेजर यांची नावे द्यावीत. या साहेबांचे नाव देण्याचा विचार, बोलणे त्यांच्याकडून पुन्हा सुरू झाले आणि ते वर्षभर टिकले तरच करावा, आणि तेव्हाही त्यांना आधी विचारून.